फोटो क्रमांक तीनमधली पिवळी ट्यूब

हिल्के ओटेन्सने पाठवलेलं टिपण साडेतीन पानांचं होतं, आणि योरिंडे वेसेलिंक ते वाचता वाचता खुर्चीत सरसावून बसली. चित्र काढून घेणारी माणसं सहसा चार ओळी लिहितात. 'आईचा वाढदिवस आहे, सोबत फोटो, सगळे छान दिसू द्या.' मग चित्र तयार झालं की त्यांना आठवतं की आत्याचा चष्मा निळा नव्हता. हिल्के राल्टेजवळच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने नऊ फोटोंना क्रमांक दिले होते, प्रत्येकासमोर वर्ष, कुणी काढला आणि त्यातलं नेमकं काय घ्यायचं हे लिहिलं होतं. योरिंडेनेही जीवशास्त्राची पदवी घेतली होती आणि सहा वर्षं एका संग्रहालयासाठी भुंग्यांची चित्रं काढली होती. प्रत्येक पायावरच्या केसांची संख्या मोजून. त्यामुळे असं टिपण मिळणं म्हणजे तिला सणच.

विषय साधा होता. हिल्केच्या आईला, आल्ट्येला, ऑक्टोबरात सत्तर पूर्ण होणार होती. तिच्यासाठी सोफ्याच्या वर टांगायला एक मोठं चित्र हवं होतं: शाईची रेषा, वर जलरंग. चित्रात ओटेन्सांचं वाढदिवसाचं वर्तुळ. म्हणजे दिवाणखान्यात घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या गोल मांडलेल्या, गुडघ्याला गुडघा, हातात कॉफी, आणि कुणीही उठलं तर सगळ्यांना पाय आखडावे लागतात तसं.

'वातावरण,' हिल्केने लिहिलं होतं, 'दुपारी चारचं. केक संपलाय, चीजचे तुकडे नुकतेच आलेत, राजकारणावर अजून कुणी बोललेलं नाही.'

मग बदलांची यादी. 'करू शकतेस: मिटलेले डोळे उघडणे (फोटो ५, युर्रे). कपड्यांचे रंग बदलणे, बाबांचा स्वेटर सोडून. आसपासचा पसारा काढून टाकणे. मोस नावाचा आमचा कुत्रा २०१९ मध्ये गेला, तो जिवंत दाखवणे, जिथे चीज पडण्याची शक्यता जास्त त्या खुर्चीखाली. काचेच्या कपाटातलं आजीचं निळं भांडं फोटो १ प्रमाणे अखंड दाखवणे. करू नकोस: कुणाला बारीक करणे. कुणाला तरुण करणे. लुब्बर्टमामाला खुर्चीवर बसवणे. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो. २०१० मध्ये त्याच्या खुर्चीचा धक्का लागून निळ्या भांड्याच्या झाकणाची मूठ तुटली. तेव्हापासून तो वर्तुळात बसत नाही. कुणी सांगितलं नाही, तोच बसत नाही. आईला दारात मामा नसेल तर चित्र खोटं वाटेल.'

हिल्केने एकच चूक केली होती. 'मला विचारलंच नाही' असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून तिने ते टिपण आईखेरीज सगळ्या घरादाराला पाठवलं होतं, योरिंडेच्या पत्त्यासकट.

पहिली मेल वीस मिनिटांत आली. हिल्केचा भाऊ युर्रे.

'नमस्कार. डोळे उघडशीलच. त्याच हाताने जरा केसही. २०११ मध्ये होते तेवढे पुरेत, हाव नाही. हिल्केला सांगायची गरज नाही.'

संध्याकाळी एका चुलतबहिणीची: 'मला तिनेकेशेजारी बसवू नको. कारण विचारू नको.' रात्री उशिरा तिनेकेची, तेच, फक्त कारणासकट, दीड पान.

योरिंडेकडे अशा प्रसंगासाठी एक वाक्य तयार होतं. तिच्या अटींमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर छापलेलंच होतं, कारण एकदा एका लग्नाच्या चित्रात दोन्हीकडच्या आयांनी मिळून नवरदेवाची दाढी तीनदा काढली-लावली होती. 'धन्यवाद. बदल मी फक्त काम देणाऱ्या व्यक्तीकडून घेते, म्हणजे हिल्केकडून.' तिने ते सगळ्यांना पाठवलं आणि युर्रेच्या टकलाकडे निवांतपणे वळली.

चौथी मेल लुब्बर्टमामाची होती. सगळ्यात छोटी.

'बाई, तुम्ही आम्हाला काढणार असं कळलं. मी दारात उभा असतो, त्यामुळे अर्धाच दिसतो, तेवढीच तुमची शाई वाचेल. काही बदल नको. फक्त कागदावर जागा उरली तर वर्तुळात एक रिकामी खुर्ची ठेवाल का? कुणासाठी असं नाही. – लुब्बर्ट'

योरिंडेने त्यालाही तेच वाक्य पाठवलं. पाठवल्यावर तिला ते पहिल्यांदाच जरा कोरडं वाटलं.

पाचवी मेल दुसऱ्या दिवशी सकाळी. हिल्केचे वडील, हार्म ओटेन्स.

'पसारा काढायची परवानगी आहे असं वाचलं. उत्तम. फोटो क्रमांक तीनमध्ये खिडकीत कुंडीमागे काहीतरी पिवळं आहे. महत्त्वाचं काही नाही. काढून टाकावं. एवढ्याशा गोष्टीसाठी हिल्केला त्रास द्यायला नको.'

आता, फोटो क्रमांक तीनमध्ये पसारा भरपूर होता. वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, सायकलचा पंप होता, सोफ्याच्या हातावर कुणाचा तरी मोजा होता. मोज्याबद्दल हार्म काहीच म्हणाला नव्हता. योरिंडेने फोटो मोठा केला.

कुंडीमागे गोंदाची ट्यूब होती. चिनी माती चिकटवायच्या गोंदाची, झाकण न लावलेली.

हिल्केच्या तक्त्यात लिहिलं होतं: 'फोटो ३. २०१०, आईचा वाढदिवस, दुपारी दीड, पाहुणे यायच्या आधी. युर्रेने नवा कॅमेरा तपासायला काढला. यातून घे: पडदे, खुर्च्यांची मांडणी.' खुर्च्या रिकाम्या होत्या. केक अखंड होता. लुब्बर्टमामा अजून राल्टेच्या वाटेवर असणार. आणि कपाटात निळं भांडं होतं, झाकण आणि मुठीसकट.

भुंगे काढणाऱ्या माणसाला एक खोड जडते. दोन नमुने समोर आले की तो तुलना करतोच, कुणी सांगितलेलं असो वा नसो. योरिंडेने फोटो एक उघडला, २००६ चा. झाकणाची मूठ म्हणजे चिनी मातीचं छोटं पेअरचं फळ होतं, त्याला एक पान. फोटो एकमध्ये पान डावीकडे. फोटो तीनमध्ये पान उजवीकडे. झाकण उलटं ठेवलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने झाकणाच्या कडेवरची नक्षी मोजली. पाच फुलं आणि एक जहाज. जहाज दोन्ही फोटोंत समोरच होतं. म्हणजे झाकण जागच्या जागी होतं, नुसती मूठ फिरली होती. चिनी मातीची मूठ आपली आपण फिरत नाही.

'अरे चोरा,' योरिंडे संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

हार्मला तिने नेहमीचं वाक्य पाठवलं, आणि खाली एक ओळ जोडली: 'पेन्सिलचं कच्चं चित्र शुक्रवारी दुपारी बारा वाजता हिल्केला मंजुरीसाठी जाईल. पसारा मी काढू शकते असं टिपणात आहे, काढावाच असं नाही.'

गुरुवारी अकरा वाजता तिच्या डेव्हेंटरमधल्या खोलीची घंटा वाजली. दारात तांबड्या गालांचा, उंच, बहात्तरीतला गृहस्थ. अंगात तोच स्वेटर, ज्याचा रंग बदलायचा नव्हता. हातात कोपऱ्यावरच्या दुकानातला मसाल्याचा केक. डेव्हेंटरच्या माणसाला डेव्हेंटरचाच केक भेट आणणारा माणूस घाईत असतो किंवा अडचणीत.

"मी हार्म. इकडून चाललो होतो."

"राल्टेहून?"

"फिरत फिरत." त्याने खोलीभर नजर टाकली. टेबलावर मोठा कागद ताणून लावलेला होता. पेन्सिलीत सगळं वर्तुळ जमलं होतं. "अरे वा! ही आल्ट्ये. हुबेहूब. आणि हा युर्रे... याला केस नाही दिलेस?"

"नाही."

"बरं केलंस. डोक्यावर बसला असता." त्याने मान वाकडी करून खिडकीचा कोपरा शोधला. कुंडी होती. कुंडीमागे ट्यूबही होती. "पोरी, तू ते काढलं नाहीस."

"काढलंय की. छान आलंय."

"काढलं म्हणजे पुसलं नाहीस!"

"मिस्टर ओटेन्स, मोज्याचं काय करू?"

"कुठला मोजा?"

"तेच म्हणते मी. त्या फोटोत मोजा आहे, पंप आहे, तीन आठवड्यांची वर्तमानपत्रं आहेत. तुम्हाला फक्त अंगठ्याएवढी ट्यूब दिसली. चौदा वर्षांपूर्वीच्या फोटोत. चष्मा न लावता."

हार्म न विचारता स्टुलावर बसला. योरिंडेने कॉफी ठेवली, त्याचा केक कापला आणि दोन्ही फोटो त्याच्यापुढे सरकवून हातात भिंग दिलं. "पान बघा. इथे डावीकडे. इथे उजवीकडे."

त्याने बराच वेळ पाहिलं. "तू चित्रं काढतेस की पोलिसात आहेस?"

"आधी किडे काढायचे."

"मग आमच्यात काय वेगळं करतेस म्हणा!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला नाही. मग भिंग खाली ठेवलं. "आदल्या दिवशी कपाट पुसत होतो. आल्ट्ये म्हणालेली, त्या भांड्याला हात लावू नको, मी बघते. मी लावला. मूठ आली हातात. लगेच चिकटवली. ट्यूबवर लिहिलं होतं, चोवीस तास धक्का लावू नये. मी हिशेब केला, उद्या चारपर्यंत कोण कपाटाकडे जातंय."

"आणि?"

"अडीच वाजता लुब्बर्ट आला. सव्वाशे किलोचा माणूस. कपाटाला पाठ करून बसला, हसताना मागे रेलला. नुसतं टेकला गं. टप्पकन मूठ खाली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचं तोंड असं झालं..." हार्मने तोंड करून दाखवलं, आणि ते दिसायला विनोदी होतं, पण त्याला स्वतःलाच ते पाहवलं नसावं. "मी बोलणार होतो. पण तेवढ्यात आल्ट्ये म्हणाली, 'जाऊ दे लुब्बर्ट, भांडंच ते.' म्हटलं, हिने सोडून दिलं, विषय संपला. कुणाला माहीत होतं हा गाढव पुढच्या वर्षापासून दारात उभा राहील म्हणून?"

"चौदा वर्षं."

"दरवर्षी वाटतं, आता बसेल. मग सांगण्यासारखं काही राहणारच नाही. पण बसतच नाही लेकाचा!"

योरिंडेने त्याच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. "ट्यूब मी पुसते. परवानगी आहे मला. कुणाला काही बोलणारही नाही, ते माझं काम नाही."

हार्मचा चेहरा उजळला. "शहाणी आहेस."

"फक्त एक. लुब्बर्टमामा दारातच राहतील. टिपणात तसंच आहे. आत्ता पेन्सिल आहे, शुक्रवारी मंजुरी आली की शाई. शाई पुसता येत नाही. मग ते तुमच्या सोफ्याच्या वर लागेल. तुम्ही कॉफी कुठे बसून घेता?"

"सोफ्यासमोर," हार्म हळूच म्हणाला.

"हं."

तो चित्राकडे बघत राहिला. दारातला लुब्बर्ट अर्धाच होता: अर्धं पोट, एक खांदा, एका डोळ्यात पाहुणेपणाचं हसू. योरिंडेने तो पाच फोटोंवरून जुळवला होता. पाचही फोटोंत तो तसाच होता.

"मग त्याला बसव ना खुर्चीत! मी सांगतो ना."

"तुमच्याकडून बदल घेत नाही."

"मी बाप आहे तिचा!"

"काम तिने दिलंय. त्यांनीही मला लिहिलं होतं, लुब्बर्टमामांनी. त्यांचंही घेतलं नाही."

"काय हवंय त्याला?"

योरिंडेने त्याची बशी उचलली. दुसऱ्याची मेल दाखवायची नसते, हा तिच्या अटींतला सातवा मुद्दा होता. "ते त्यांनाच विचारा. फार मोठं काही नाही. मोजाही नाही."

हार्म उठला. दाराशी जाऊन परत आला. "हिल्केला सांगितलं तर ती विचारेल, का."

"विचारेल."

"ती सोडत नाही. पाण्यातलं शिसं शोधून काढते ती."

"शुक्रवारी बारा," योरिंडे म्हणाली. "उरलेला केक नेता का?"

"ठेव तुला," तो म्हणाला, आणि जिन्यावरून उतरताना काहीतरी पुटपुटला, त्यात 'किडे' हा शब्द दोनदा होता.

शुक्रवारी सकाळी नऊपासून योरिंडेचं लक्ष लागेना. तिने मोसच्या शेपटीची जागा बदलली, परत होती तिथे आणली. ट्यूबवर खोडरबर ठेवलं, उचललं. साडेअकराला तिने शेवटी ती पुसली. शब्द दिला होता. खिडकी एकदम फार स्वच्छ दिसायला लागली. तिने कच्च्या चित्राचा फोटो काढला, मेलला जोडला, आणि घड्याळाकडे बघत बसली. अकरा सत्तावन्न. हिल्केला न विचारता ती रिकामी खुर्ची काढून नियम मोडायचा तर तीन मिनिटं उरली होती. नियम मोडला असता तर पहिल्यांदा तो लुब्बर्टसाठी मोडला असता, हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं.

अकरा अठ्ठावन्नला फोन वाजला.

"थांब!" हिल्केने नमस्कारही केला नाही. "काही पाठवू नकोस. टिपणाची दुसरी आवृत्ती पाठवलीय. तू बसलीयस ना? बाबांनी मोडलं ते भांडं! बाबांनी!"

"असं?" योरिंडे म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे, म्हणून तिने एवढ्यावरच थांबवलं.

"काल संध्याकाळी मला फोन करून बोलावून घेतलं. आई बागेत होती, बाबा कुजबुजत सगळं सांगतायत, गोंद काय, चोवीस तास काय. आणि मागून आवाज येतो, 'हार्म, चोवीस नव्हे, बहात्तर तास लागतात. मी ट्यूब वाचली होती.' आई दारात उभी! मातीचे हात घेऊन!"

"त्यांना माहीत होतं?"

"त्याच दिवशी! म्हणे घरात केकच्या वासापेक्षा गोंदाचा वास जास्त येत होता. आणि अगं, चित्राचंही माहीत होतं. बाबांनी ते टिपण घरच्या प्रिंटरवर छापायला नको होतं."

"मग चौदा वर्षं बोलल्या का नाहीत?"

पलीकडे हिल्के इतकी हसली की दोन वाक्यं वाया गेली. "मीही तेच विचारलं. तर म्हणते, आधी वाटलं हार्म आज सांगेल, उद्या सांगेल. तोपर्यंत लुब्बर्ट दारात उभा राहायला लागला. दारात उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने किती वेळ उभा राहणार? भांडी घासायला लागला. तेवीस माणसांची कपबशी, तेरा वाढदिवस. 'इतक्या स्वच्छ कपबश्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या,' म्हणते. 'सांगितलं असतं तर तो बसला असता.'"

"तुमचं घर..." योरिंडेने शब्द शोधला. "अभ्यास करण्यासारखं आहे."

"पण मग तिने मातीचे हात फडक्याला पुसले. म्हणाली, त्याला बसायचं होतं का? बाबा म्हणाले, मी विचारलं त्याला आज. विचारायला कुणी सांगितलं देव जाणे. तर मामा म्हणाला, खुर्ची कुठलीही चालेल, फक्त कपाटाजवळची नको." हिल्केने नाक ओढलं. "बरं, दुसरी आवृत्ती वाच. खालचा भाग आईचा आहे. तिने हाताने लिहिलाय, मी फोटो जोडलाय. ते मला मान्य आहे असं समज. मी सही केलीय."

योरिंडेने मेल उघडली. आधीची सगळी यादी तशीच होती. 'लुब्बर्टमामाला खुर्चीवर बसवणे' ही ओळ 'करू नकोस' मधून खोडून 'करावंच' असा नवा मथळा देऊन त्याखाली घातली होती. त्याखाली तिरक्या, ठाम अक्षरात आल्ट्ये ओटेन्सचं लिखाण:

'१. लुब्बर्ट माझ्या उजवीकडे. पूर्ण. अर्धा नाही.
२. निळं भांडं आत्ता आहे तसं, मुठीशिवाय. अखंड भांड्याने आमच्या घरात पुरेसा घोळ घातलाय.
३. पिवळी ट्यूब राहू द्यावी. थोडी मोठी चालेल.
४. दार रिकामं ठेवलं तर चित्राची डावी बाजू हलकी पडेल, असं मला वाटतं. तिथे हार्म. उभा. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. स्वेटरचा रंग बदलू नये, ओळखू येऊ दे.'

चौथ्या मुद्द्यावर योरिंडेने कच्चं चित्र लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं. आल्ट्येचं बरोबर होतं. लुब्बर्टसारखं वजन वर्तुळात आलं की डावीकडे काहीतरी उभं हवंच. तिने हार्मला त्याच्या खुर्चीतून उचलून दारात नेलं. त्याच्या जागी लुब्बर्टला बसवताना खुर्ची थोडी रुंद करावी लागली. 'करू नकोस' च्या यादीत खुर्ची रुंद करणं नव्हतं. मग तिने खिडकीत ट्यूब परत काढली. झाकण न लावलेली.

चित्र ऑक्टोबरात वेळेवर टांगलं गेलं. लुब्बर्टमामाने एक ओळ पाठवली: 'बाई, बसून केक खाल्ला. उभ्याने चव वेगळी लागते हे मला माहीत नव्हतं.' सोबत त्याच दिवशीचा फोटो होता. वर्तुळ, गुडघ्याला गुडघा, मध्ये लुब्बर्ट, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात एक तांबड्या गालांचा अर्धा माणूस, खांद्यावर फडकं टाकून.

त्याच संध्याकाळी हार्मची मेलही आली.

'चित्र उत्तम. सगळ्यांना आवडलं. एकच. ते फडकं जरा लहान करता येईल का? किंवा निदान दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर? हिल्केला सांगायची गरज नाही.'

योरिंडेने उरलेला केक कधीच संपवला होता. तिने हसत नेहमीचं वाक्य काढलं आणि पाठवून दिलं.